नोकरी सांभाळून नाटक: आठ आठवड्यांच्या तालमींचं वेळापत्रक कसं बसवायचं

हौशी नाटकाच्या तालमीचं वेळापत्रक बहुतेक वेळा असं लिहिलं जातं: सोमवारी पहिला प्रवेश, मंगळवारी दुसरा, गुरुवारी तिसरा. कागदावर ते छान दिसतं. मग सोमवारी कळतं की पहिल्या प्रवेशात ज्याची सगळ्यात जास्त वाक्यं आहेत तो ऑफिसात अडकलाय. उरलेले पाच जण चहा पीत बसतात आणि दिग्दर्शक त्या गैरहजर माणसाची वाक्यं स्वतः वाचत तालीम उरकतो.

चूक अशी की हे वेळापत्रक नाटकाच्या क्रमाने लावलंय. पूर्णवेळ नटांसाठी तसं चालतं, कारण ते सगळे रोज हजर असतात. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी येणाऱ्यांच्या बाबतीत सगळ्यात दुर्मीळ गोष्ट वेळ नसते, ठरावीक माणसं एकाच खोलीत एकत्र असणं ही असते. म्हणून वेळापत्रक माणसांच्या जमावानुसार लावायचं, आणि जो जमाव क्वचित जमतो त्याचे प्रवेश आधी बसवायचे. हे कसं करायचं ते एका उदाहरणावरून पाहू.

उदाहरणातलं नाटक दोन अंकी आहे, संहिता ७२ पानांची, पात्रं नऊ: आजोबा, आई, थोरला मुलगा, सून, धाकटी मुलगी, शेजारी, वकील, पोस्टमन आणि पोलीस. प्रयोग आठव्या आठवड्यातल्या शनिवारी. तालमी सोमवार, मंगळवार आणि गुरुवारी संध्याकाळी सात ते साडेनऊ, आणि रविवारी सकाळी दहा ते दोन.

पहिलं काम म्हणजे संहितेचे तुकडे पाडणं. लेखकाने लिहिलेले प्रवेश इथे उपयोगाचे नाहीत, कारण एकेक प्रवेश वीस-वीस पानांचा असतो आणि त्यात माणसं येत-जात असतात. त्याऐवजी रंगमंचावर कुणी आलं किंवा कुणी गेलं की तिथे रेघ मारायची. नाटकवाले याला फ्रेंच सीन म्हणतात. आजोबा आणि आई बोलतायत हा एक तुकडा, शेजारी आत आला की दुसरा सुरू, आई स्वयंपाकघरात गेली की तिसरा. आपल्या नाटकाचे असे २२ तुकडे पडले. मग एक तक्ता करायचा: उभ्या बाजूला तुकडे, आडव्या बाजूला नऊ पात्रं, प्रत्येक तुकड्यात कोण आहे तिथे खूण. प्रत्येक तुकड्यासमोर त्याच्या पानांची संख्या. एका संध्याकाळी होणारं हे काम आहे, पण पुढचे आठ आठवडे हाच कागद सगळ्यात जास्त हाताळला जातो.

खूण करताना दोन प्रकार ठेवावेत: जो तुकड्यात बोलतो तो, आणि जो नुसता उभा असतो किंवा एखादंच वाक्य म्हणतो तो. शेवटच्या मोठ्या भांडणाच्या प्रवेशात पोलीस दाराशी उभा असतो आणि दोन वाक्यं बोलतो. तो एखाद्या दिवशी नसला तर त्याच्या जागी कुणालाही उभं करून तालीम होते. थोरला नसला तर होत नाही. हा फरक तक्त्यात दिसला नाही तर दिग्दर्शक पोलिसासाठी अख्खी संध्याकाळ रद्द करतो.

दुसरा तक्ता हजेरीचा. इथे प्रश्न कसा विचारला यावर बरंच अवलंबून आहे. ‘तुम्हाला कधी जमेल?’ असं विचारलं की उत्साहात सगळे म्हणतात, ‘जमवू की.’ त्याऐवजी आठ आठवड्यांतल्या तालमीच्या तारखा छापलेला कागद हातात द्यायचा आणि जमणार नाही त्या तारखांवर फुली मारायला सांगायची. उशिरा येणार असेल तर किती वाजता, लवकर जाणार असेल तर किती वाजता, हेही लिहून घ्यायचं. आणि हा कागद भूमिका वाटण्याआधी भरून घ्यायचा. भूमिका मिळाल्यावर भरलेल्या कागदात फुल्या कमी असतात, आणि त्या कमी झालेल्या फुल्या नंतर तालमीच्या दिवशी दुपारी चार वाजता फोनवरून कळतात.

आपल्या नऊ जणांपैकी चौघांच्या अडचणी ठरावीक आहेत. सुनेचं काम करणारी रुग्णालयात नर्स आहे. तिची पाळी दर आठवड्याला बदलते: पहिल्या आठवड्यात सकाळची, दुसऱ्यात दुपारची, तिसऱ्यात रात्रीची, आणि पुन्हा तेच चक्र. दुपारपाळीच्या आठवड्यात ती आडदिवशी येऊच शकत नाही, रात्रपाळीच्या आठवड्यात आठ वाजता निघते. रविवार मात्र तिने सहकाऱ्यांशी अदलाबदल करून मोकळे ठेवलेत. वकिलाचं काम करणारा लेखा विभागात आहे, महिनाअखेर आणि नव्या महिन्याचे पहिले दिवस तो कामातून हलू शकत नाही. म्हणजे तिसऱ्या आठवड्याचा गुरुवार आणि चौथ्याचे सोमवार-मंगळवार गेले. धाकटीचा मंगळवारी शिकवणीचा वर्ग असतो, ती आठला पोचते. थोरला एका दुकानात आहे, त्याला एकाआड एक रविवार सुट्टी मिळते: दुसरा, चौथा, सहावा.

आता दोन तक्ते शेजारी ठेवून मोजायचं. पहिल्या सहा आठवड्यांत २४ तालमी आहेत. त्यांतल्या किती तालमींना नऊच्या नऊ जण पूर्ण वेळ हजर आहेत? पहिल्या आठवड्याचे सोमवार आणि गुरुवार, चौथ्याचा गुरुवार, आणि दुसरा, चौथा, सहावा रविवार. म्हणजे फक्त सहा. आणि अडचणी असलेले लोक नऊपैकी चारच! जे दिग्दर्शक हे मोजत नाहीत ते सगळ्यांचे प्रवेश ‘सगळे आले की करू’ म्हणून पुढे ढकलतात, आणि सातव्या आठवड्यात त्यांच्या लक्षात येतं की शेवटचा मोठा प्रवेश एकदाही नीट उभा राहिलेला नाही.

आता तासांचा हिशेब. अडीच तासांच्या संध्याकाळीत प्रत्यक्ष काम दोन तासच होतं. उरलेला अर्धा तास येणं, श्वास घेणं, थोडं अंग मोकळं करणं आणि शेवटी सूचना ऐकणं यांत जातो. रविवारच्या चार तासांत तीन तास कामाचे धरावेत. म्हणजे आठवड्याला नऊ तास. पहिल्या पाच आठवड्यांत ४५ तास होतात. पहिला सोमवार सगळ्यांच्या एकत्र वाचनासाठी गेला की उरले ४३.

या ४३ तासांत दोन फेऱ्या व्हायला हव्यात. पहिल्या फेरीत हालचाली बसवायच्या: कोण कुठून येतो, कुठे बसतो, कधी उठतो. याला तासाला साधारण पाच पानं होतात, म्हणजे ७२ पानांना साडेचौदा तास. दुसऱ्या फेरीत प्रवेशाच्या आत शिरायचं: हे वाक्य तो का म्हणतो, इथे थांबायचं की नाही, भांडण कुठे पेटतं. याला तासाला तीन पानं धरली तर २४ तास. बेरीज साडेअडतीस. साडेचार तास उरतायत असं वाटतं, पण नऊ जणांचे प्रवेश या वेगाने होत नाहीत. पहिल्या अंकाचा शेवट पाच पानांचा, शेवटचं भांडण अकरा पानांचं, अशी सोळा पानं सगळ्यांची आहेत आणि दुसऱ्या फेरीत ती तासाला दोनच होतात. गर्दीच्या प्रवेशात प्रत्येक बदलाने आणखी चार जणांची जागा बदलते. त्यामुळे पावणेतीन तास आणखी गेले. हाताशी उरले जेमतेम दोन तास, म्हणजे एक संध्याकाळ. कुणी आजारी पडलं तरी हे वेळापत्रक कोसळेल.

अशा वेळी पहिला विचार येतो तो आठवड्यात चौथी संध्याकाळ वाढवण्याचा. मी ते करणार नाही. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला आठवड्यातून चार संध्याकाळी घराबाहेर ठेवलं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गैरहजेरी वाढायला लागते, आणि मग चार तालमी मिळून तीनइतकंही काम होत नाही. त्याऐवजी दुसरी खोली वापरावी. तक्त्यात पाहिलं तर २० पानं अशी आहेत ज्यांत दोनच माणसं आहेत. दिग्दर्शक मोठ्या खोलीत इतरांबरोबर काम करत असताना सहायक दिग्दर्शक बाजूच्या खोलीत किंवा व्हरांड्यात ही दोघांची पानं घासून घेऊ शकतो. दुसऱ्या फेरीतले जवळपास सात तास यात निघतात. शेवटी दिग्दर्शकाने पाहून सुधारायला एक तास धरला तरी साडेपाच तास वाचले. हाताशी साडेसात तास झाले, म्हणजे तीन संध्याकाळी राखीव ठेवता येतात.

राखीव संध्याकाळी कुठे ठेवायच्या? मोह होतो की ज्या दिवशी निम्मे लोक नसतातच त्या दिवशी ठेवाव्यात. पण राहिलेलं काम भरून काढायला माणसं लागतात, रिकाम्या खोलीत ते कसं भरून निघणार? म्हणून या तीनपैकी एकच केवळ गळका दिवस म्हणून निवडली: तिसऱ्या आठवड्याचा गुरुवार, जेव्हा वकील येत नाही आणि सून आठला जाते. उरलेल्या दोन चौथ्या आणि पाचव्या आठवड्याच्या मंगळवारी ठेवल्या. का, ते पाठांतराच्या संदर्भात येईलच. राखीव म्हणजे सुट्टी नव्हे. सगळ्यांनी ती तारीख मोकळी ठेवायची, आणि गरज नसेल तर आदल्या रविवारी ती रद्द झाल्याचं कळवायचं. रद्द झालेली तालीम ही लोकांना मिळालेली भेट असते, ऐन वेळी वाढवलेली तालीम त्यांच्या घरच्यांना त्रास देते.

आता दुर्मीळ जमाव आधी. पहिल्या आठवड्याच्या गुरुवारी, म्हणजे तिसऱ्याच तालमीला, पहिल्या अंकाचा शेवट उभा करायचा, कारण त्या दिवशी नऊ जण आहेत. नटांना अजून पात्रं कळलेली नाहीत, त्यामुळे फक्त ढोबळ हालचाली बसतील. तेवढं पुरे आहे. दुसऱ्या रविवारी शेवटच्या भांडणाच्या हालचाली. मग दुसऱ्या फेरीसाठी चौथा गुरुवार आणि चौथा रविवार, मिळून पाच तास. पण सोळा पानांना तासाला दोनच्या वेगाने आठ तास लागतात. तीन तास कमी पडले.

इथेच उशिरा येणं आणि लवकर जाणं लिहून घेतल्याचा फायदा दिसतो. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात नर्सची रात्रपाळी आहे, ती सात ते आठ असतेच. तिसऱ्या सोमवारी, सहाव्या सोमवारी आणि सहाव्या गुरुवारी त्या एका तासात नऊच्या नऊ जण खोलीत आहेत. मंगळवारी धाकटी आठला येते म्हणून तो बाद. हे तीन सुटे तास जोडले की आठ तास पूर्ण होतात. अट एकच: त्या तीन दिवशी सातला सुरुवात म्हणजे सातलाच, अंग मोकळं करणं आणि गप्पा आठनंतर. ज्यांनी हजेरीच्या कागदावर फक्त ‘येणार’ आणि ‘येणार नाही’ एवढंच लिहून घेतलं असतं त्यांना हे तास दिसलेच नसते.

बाकीचे तुकडे मग हजेरीनुसार आपोआप जागेवर बसत जातात. दुसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात आडदिवशी सून नाही, तेव्हा तिच्याशिवायचे सगळे तुकडे तिथे. वकिलाचे दोन तुकडे पाचव्या आठवड्यात, कारण तो तेव्हा निवांत असतो. थोरला नसलेल्या रविवारी आजोबा, आई आणि शेजारी यांचे तुकडे. जे तुकडे कुठेही बसू शकतात ते शेवटी टाकायचे. बरेच जण उलट करतात: सोपे आधी टाकतात आणि अवघडांसाठी जागा शोधत बसतात.

एका संध्याकाळीच्या आतली रचनाही महत्त्वाची आहे. तिसऱ्या सोमवारचं उदाहरण घ्या. सात ते आठ नऊ जणांचं भांडण. आठला सून, पोस्टमन आणि पोलीस जातात. आठ ते पावणेनऊ थोरला, धाकटी, आई, शेजारी आणि वकील. मग शेजारी आणि वकील सुटले, शेवटी घरातल्या तिघांचा तुकडा. आजोबा आठपासून सहायकाबरोबर बाजूच्या खोलीत शेजाऱ्याची वाट पाहत स्वतःचं पाठांतर करतायत, पावणेनऊला शेजारी तिथे पोचतो. म्हणजे संध्याकाळ मोठ्या जमावापासून सुरू होऊन लहान होत जाते. मंगळवारी उलट: सातला दोघं-तिघं, आठला धाकटी आली की वाढ. या दोन्हीपैकी काहीही चालतं. चालत नाही ते मोठा, लहान, मग पुन्हा मोठा असं, कारण मधल्या तुकड्यात सहा जण भिंतीला टेकून फोन पाहत बसतात. मेहनतीला कंटाळून नाटक सोडणारे हौशी नट मी फार पाहिले नाहीत. दोन तास बसवून ठेवून दहा मिनिटांचं काम दिल्यावर पुढच्या वेळी ‘आज जरा उशीर होईल’ म्हणणारे पुष्कळ पाहिलेत. म्हणून प्रत्येकाला तालमीची वेळ न देता त्याची स्वतःची वेळ द्यायची: पोलिसाने सात ते आठ, शेजाऱ्याने सात ते साडेनऊ.

ऐन वेळी कुणी येणार नाही असं कळलं की तुकड्यांचा तक्ता पुन्हा काढायचा. त्या माणसाच्या रकान्यात खूण नसलेल्या ओळी पाहायच्या आणि त्यांतून आज हजर असलेल्यांचा तुकडा निवडायचा. हे चार वाजता फोन आल्यावर करण्यापेक्षा आठवड्याच्या सुरुवातीलाच प्रत्येक संध्याकाळीसमोर पर्यायी तुकडा लिहून ठेवला तर बरं. स्टेज मॅनेजरचं हे काम आहे, दिग्दर्शकाचं नाही. दिग्दर्शकाच्या डोक्यात त्या वेळी नाटक असतं, आणि असावंही. गैरहजर माणसाच्या हालचाली सहायकाने त्याच्या जागी चालून दाखवायच्या आणि मुख्य संहितेत पेन्सिलने टिपायच्या. पेन्सिलनेच, कारण त्या बदलणार आहेत.

वेळापत्रक जाहीर करताना दोन थर ठेवावेत. पहिला थर आठही आठवड्यांचा: तालमीचे दिवस, राखीव दिवस, पाठांतराच्या तारखा, सलग तालमी, नाट्यगृहाचे दिवस, प्रयोग. हे पहिल्या दिवशी द्यायचं आणि शक्यतो बदलायचं नाही. दुसरा थर म्हणजे कुठल्या संध्याकाळी कुठला तुकडा आणि कुणी किती वाजता यायचं, तो दोन-दोन आठवड्यांचा द्यायचा. नर्सची पाळी कागदावर ठरलेली असली तरी ड्युटीचा तक्ता बदलू शकतो, तालमीत एखादा प्रवेश अपेक्षेपेक्षा जास्त वेळ खातो. आठही आठवड्यांचा बारीक तपशील पहिल्या दिवशी दिला की तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो निम्मा खोटा ठरलेला असतो, आणि मग लोक कागद पाहणंच सोडून देतात.

पहिल्या दिवशीच काही सुट्ट्या मागून घ्यायच्या असतात. आठव्या आठवड्यात नर्सची पुन्हा दुपारपाळी येते, म्हणजे रंगीत तालीम आणि प्रयोग दोन्ही बुडाले. भूमिका दिली त्याच दिवशी तिने तो आठवडा बदलून घ्यायला हवा. थोरल्याने सातव्या रविवारची अदलाबदल आत्ताच करायची. आणि प्रयोगाच्या आदल्या शुक्रवारी सगळ्यांनी अर्धा दिवस सुट्टी टाकायची. दोन महिने आधी मागितलेली सुट्टी बहुतेक मिळते, आदल्या आठवड्यात मागितलेली मिळाली तर नशीब. वकिलाची मात्र अडचण सुटणारी नाही. पुढची महिनाअखेर सातव्या आठवड्याच्या शेवटी येते, म्हणून सातवा गुरुवार आणि आठव्याचे सोमवार-मंगळवार तो नाही. सगळ्यांचे प्रवेश सोडले तर त्याचे तुकडे दोनच आहेत, त्यामुळे हे सोसता येतं. थोरल्याच्या भूमिकेसाठी असा माणूस घेऊ नये, तो कितीही चांगला नट असला तरी.

आता पाठांतर. पहिल्या फेरीनंतर वाक्यं लवकर पाठ होतात, कारण वाक्याला जागा मिळालेली असते: हे खिडकीपाशी, ते खुर्चीवरून उठताना. म्हणून पाठांतराची तारीख हालचाली बसण्याआधी ठेवू नये. आपल्या वेळापत्रकात हालचाली दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी बसतात. पहिल्या अंकाची संहिता चौथ्या सोमवारी हातातून सुटली पाहिजे, दुसऱ्या अंकाची पाचव्या सोमवारी. नोकरी करणाऱ्यांना पाठांतराला बसायला वेळ नसतो, त्यामुळे समोरच्याची वाक्यं फोनवर रेकॉर्ड करून स्वतःच्या वाक्यांइतकी जागा मोकळी सोडायची आणि येता-जाता ऐकायची, ही युक्ती चांगली चालते.

संहिता सोडल्याची पहिली संध्याकाळ वाईट जाते. नेहमी. जो अंक आदल्या आठवड्यात ५५ मिनिटांत झाला होता तो ७० मिनिटं घेतो, हालचाली विसरल्या जातात, सगळ्यांना वाटतं आपण मागे गेलो. त्या दिवशी नवं काहीही ठरवू नये, फक्त अंक एकदा पुढे न्यायचा. प्रॉम्प्टरने वाक्य लगेच द्यायचं, नटाला घाम फुटेपर्यंत थांबायचं नाही, पण कोणत्या पानावर किती वेळा द्यावं लागलं याची खूण करायची. दुसऱ्या दिवशीची मंगळवारची राखीव संध्याकाळ यासाठीच आहे: खुणांची गर्दी झालेली पानं तेवढी पुन्हा करायची. एकाच पानावर तीन-चार जणांच्या खुणा असतील तर तिथे पाठांतराचा दोष नसतो. हालचाल वाक्याच्या आड येत असते किंवा प्रवेशाचा अर्थच कळलेला नसतो, आणि ते दिग्दर्शकाचं काम आहे.

सुनेसाठी एक वेगळी तारीख लागते. पाचव्या आठवड्यात ती आडदिवशी नाही, म्हणजे दुसऱ्या अंकाचं तिचं पाठांतर तपासायला पाचवा रविवार उजाडतो. तोवर सहायकाने दोन दिवस फोनवर तिची वाक्यं ऐकून घ्यावीत. एवढं केलं नाही तर सहाव्या आठवड्यात एकटी तीच संहिता हातात घेऊन उभी असेल.

सहावा आठवडा अंकांचा. सोमवारी आणि गुरुवारी आठपर्यंत मोठे प्रवेश, मग उरलेल्यांबरोबर अंकाचे सांधे: एक तुकडा संपून दुसरा सुरू होतो त्या जागा. सुटे तुकडे चांगले झालेले असतात, पण ते सुटेच असतात. क्रमाने तालीम न केल्याची ही किंमत आहे, आणि ती खरी आहे. आपण कुठून आलो, आत्ता काय घडून गेलंय, हे नटाला आठवत नाही. सहाव्या रविवारी, नऊ जण हजर असताना, पूर्ण नाटक पहिल्यांदा सलग. अडखळत का होईना, न थांबता. खुर्च्या, दारं आणि पायऱ्या जमिनीवर चिकटपट्टीने आखलेल्या, हातात खऱ्या वस्तू किंवा त्यांच्या जागी काहीतरी. प्रकाशयोजना, संगीत आणि नेपथ्य करणाऱ्यांनी या तालमीला यायलाच हवं.

या रविवारी वेळापत्रक आजारी आहे की नाही हे कळतं. नाटक पूर्ण झालं, पण प्रॉम्प्टरच्या खुणा एकाच माणसाच्या पानांवर साचल्या असतील, तर त्या माणसाला वेगळा वेळ द्या, सगळ्यांना नको. पण शेवटची दहा पानं वेळेअभावी झालीच नाहीत, तर सातव्या आठवड्यातली एक सलग तालीम सोडून त्या पानांना द्या. सलग तालमी जास्त घेतल्या की नाटक आपोआप सुधारतं असं मानणारे बरेच आहेत. चुका न सुधारता केलेल्या सलग तालमीत त्या चुका पाठ होतात.

सातव्या आठवड्यात नर्सची सकाळपाळी आहे, ती पूर्ण हजर. सोमवारी सलग तालीम, मंगळवारी दुरुस्त्या, गुरुवारी पुन्हा सलग, वकिलाच्या जागी सहायक. रविवारी कपडे आणि हातातल्या वस्तूंसकट. नाटक पावणेदोन तासांचं आहे, मध्यंतर धरून दोन तास. अडीच तासांच्या संध्याकाळीत सूचना द्यायला वेळ उरत नाही. म्हणून त्या लिहून दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाला त्याच्यापुरत्या पाठवाव्यात. रात्री साडेदहाला सगळ्यांना वर्तुळात बसवून एकेकाला सांगितलेल्या सूचना कुणाच्या डोक्यात राहत नाहीत.

आठव्या आठवड्याच्या सोमवारी तालमीच्या खोलीत शेवटची सलग तालीम, पुन्हा वकिलाशिवाय. मंगळवारी सुट्टी. ही सुट्टी पहिल्या थरात पहिल्या दिवसापासून छापलेली असावी, नाहीतर ती कुणाच्या तरी भीतीपोटी खाल्ली जाते. बुधवारी नाट्यगृह ताब्यात आलं की नेपथ्य लागेल, दिवे लावले जातील आणि संध्याकाळी फक्त क्यूंची तालीम: दिवा किंवा आवाज बदलतो त्याच्या आधीची दोन वाक्यं म्हणायची, बदल झाला की पुढच्या क्यूवर उडी. नटांना कंटाळा येतो, ते आधीच सांगून ठेवा आणि अभिनय करायला सांगू नका. या संध्याकाळीसाठी वकील परत आलेला असतो. गुरुवारी तांत्रिक बाबींसकट सलग तालीम, अडलं तर थांबायची मुभा. शुक्रवारी रंगीत तालीम, प्रयोगाच्याच वेळेला सुरू, मध्यंतर तेवढंच, काहीही झालं तरी थांबायचं नाही. त्यानंतर दिग्दर्शकाने सूचना द्यायच्या त्या रात्रीतून सुधारता येतील अशाच: चुकलेला दिवा, उशिरा आलेला पोस्टमन, मागच्या रांगेत ऐकू न जाणारं वाक्य.